गप्प जागा आणि बँडबाजा

निवृत्त शिक्षिकेने आता थोडं गप्प बसावं, असं घरच्यांना मनातून वाटत असतं. मला मात्र गप्प बसते म्हणूनच बोलणी खावी लागली, आणि तीही माझ्याच एका विद्यार्थ्याकडून. त्याची ही हकीकत.

मी धुळ्याच्या एका शाळेत गणित शिकवलं. उभी नोकरी तिथेच झाली. निवृत्त झाल्यावर मुलाकडे जळगावला आले, मेहरूणला. सकाळी तलावाच्या बाजूने फेरी मारायची, येताना भाजी आणायची आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे सुनेला विचारायचं, असा माझा दिनक्रम होता. सून बिचारी काही बोलत नसे, पण मी तिच्या फोडणीत लक्ष घालायला लागले तसा तिचा चेहरा जरा लांबायला लागला होता.

तेवढ्यात हा विद्यार्थी दारात उभा राहिला. भूमितीत त्याचं आणि माझं कधी जमलं नव्हतं. प्रमेय विचारलं की तो खिडकीबाहेर पाहायचा. आता मात्र त्याने दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मोबाइलवरचं शिकवणीचं अ‍ॅप काढलं होतं. पाइपांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचा स्टुडिओ होता.

"बाई, आपल्याकडच्या पोरांना गणित आपल्याकडच्या बाईनेच शिकवायला पाहिजे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुला तरी कुठे आलं माझ्याकडून?"

"म्हणून तर अ‍ॅप काढावं लागलं," तो म्हणाला. या उत्तरावर मी खूश झाले आणि हो म्हणून बसले.

स्टुडिओत आम्ही तिघंच असायचो. मी, मालक म्हणजे हा विद्यार्थी, आणि एक एडिटर. एडिटर वरणगावचा. जन्मभर त्याने लग्नाचे व्हिडिओ जोडले होते. हळद, वरात, पाठवणी यांत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. तो मला मावशी म्हणायचा. माझ्या पदराला छोटा माइक लावायचा, हिरव्या फळ्यावर उजेड नीट पडतो का पाहायचा आणि "बोला मावशी" म्हणून कानाला हेडफोन लावून बसायचा.

माझी शिकवायची एक पद्धत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी एखादी पायरी शिकवते, मग प्रश्न विचारते, आणि थांबते. खरोखर थांबते. वर्गात मी प्रश्न विचारून खडू हातात धरून उभी राहायचे आणि एक शब्द बोलायचे नाही. पहिल्यांदा पोरं एकमेकांकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग त्यांना कळतं की ही बाई उत्तर देणार नाही. मग वहीकडे बघतात. गणित शिकण्याची खरी वेळ तीच असते. बाकीचा वेळ म्हणजे नुसती माझी बडबड. नव्या शिक्षकांना ही शांतता सोसवत नाही, ते प्रश्न विचारतात आणि त्याच श्वासात उत्तर देऊन मोकळे होतात. आमचे हेडमास्तर एकदा व्हरांड्यातून जाताना माझ्या वर्गातली शांतता ऐकून तास रिकामा आहे असं समजून आत आले होते आणि मला फळ्यापाशी पाहून दचकले होते.

कॅमेऱ्यासमोरही मी तसंच करायचे. "आता या समीकरणात एक्सची किंमत काढा," असं म्हणून कॅमेऱ्याच्या काळ्या डोळ्याकडे बघत उभी राहायचे. एडिटर पहिल्या दिवशी घाबरला. त्याला वाटलं, मावशी विसरल्या.

काही महिने बरे गेले. मुलं पाठांखाली "खूप छान बाई" असं लिहायची. मी ते सुनेला दाखवायचे. मग मालकाने एक मुलगी कामाला ठेवली. इंजिनिअरिंग शिकलेली, सावद्याच्या केळीवाल्या घरातली, पुण्यात दोन-तीन वर्षं आकडेमोडीची नोकरी करून परत आलेली. तिचं काम होतं, मुलं पाठ अर्धवट सोडून का जातात ते शोधायचं. मुलगी मोठी गोड होती, पण एका बाबतीत मला तिची शंका यायची. ती माझे पाठ आवाज बंद करून, खाली उमटणारी अक्षरं वाचत, दुप्पट वेगाने पाहायची. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आवाज मी वेगळा मोजते."

एके दिवशी मालकाने मला मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं. मी विद्यार्थ्याच्या जागी आणि तो मास्तराच्या, असा उलटा प्रकार होता. मुलीने मोठ्या धीराने सगळं समजावून सांगितलं, आणि मी गणिताची बाई असल्यामुळे मला ते आवडलंही.

तिने प्रत्येक पाठाचे काही काही सेकंदांचे बारीक तुकडे पाडले होते. प्रत्येक तुकड्यात तीन गोष्टी मोजलेल्या. एक, मी किती वेगाने बोलते. त्यासाठी ती शब्द मोजत नव्हती, कारण "हो" हाही शब्द आणि "समद्विभुज" हाही शब्द. ती बोलण्यातली अक्षरं मोजत होती, आणि तीही फक्त मी प्रत्यक्ष बोलत असलेल्या वेळावर. दोन, मी किती वेळ गप्प आहे. माझ्या पदराच्या माइकवरचा आवाज एका ठरावीक पातळीखाली गेला आणि थोडा वेळ खालीच राहिला, की ती गप्प जागा. तीन, मागचं संगीत कानाला किती मोठं लागतं. माणसाच्या कानाला सगळे सूर सारखे ऐकू येत नाहीत, त्याचा हिशेब धरून हे मोजायची रीत असते, तीच तिने वापरली होती.

मग दुसऱ्या बाजूने मुलं. त्या तुकड्याच्या सुरुवातीला जेवढी मुलं पाठ बघत होती, त्यांच्यातली किती तो तुकडा संपायच्या आत सोडून गेली. एकूण मुलांपैकी किती असं नाही, तेव्हा जी उरली होती त्यांच्यापैकी किती. हा फरक मला फार पटला. शिवाय पाठाच्या अगदी सुरुवातीला पुष्कळ मुलं जातातच, कोणी चुकून उघडलेलं असतं, कोणाला दुसरंच प्रकरण हवं असतं, म्हणून पाठात कुठवर आलो तेही तिने हिशेबात घेतलं होतं. या सगळ्यावरून तिचं गणित पुढच्या तुकड्यात किती मुलं जातील याचा अंदाज द्यायचं. आणि तो अंदाज खरा ठरतो का, हे तिने त्या गणिताला कधीच न दाखवलेल्या पाठांवर तपासलं होतं.

"आणि ठरतो?" मी विचारलं.

"ठरतो मॅडम. चांगला ठरतो." तिने पाठाचा आलेख काढला. जिथे धोका तिथे लाल पट्टी. लाल पट्ट्या बरोब्बर माझ्या थांबण्यावर बसल्या होत्या. मी प्रश्न विचारला की लाल. थांबले की लाल. मुलं धडाधड निघून जात होती.

"आणि संगीत?"

"संगीताचा काही परिणाम दिसत नाही. सगळीकडे ते जवळजवळ सारखंच आहे."

मालकाने घसा साफ केला. "बाई, राग मानू नका. गप्प जागा आपोआप कापून टाकणारं एक साधन आहे. एक पाठ कापून पाहिलाय." त्याने लावला. पडद्यावरची मी विचारत होते, "एक्सची किंमत काय? तीन." "इथे कोणता कोन? काटकोन." एका श्वासात प्रश्न आणि त्याच श्वासात उत्तर. बाजारात स्वतःशीच बोलत जाणारी बाई असते ना, तशी मी दिसत होते.

"ही मी नाही," मी म्हटलं.

"पण बाई, यात मुलं कमी जातात. आकडे आहेत."

"सोडून जात नसतील. शिकत आहेत का?"

यावर तो गप्प बसला. त्याच्या गप्प जागेला मात्र कोणी लाल पट्टी लावली नाही.

मग त्याने खरं काय ते सांगितलं. अ‍ॅपमध्ये भांडवल घालायला तयार असलेल्या एका माणसाला मुलं टिकलेली हवी होती. एक तरुण मास्तर चाचणीसाठी येऊन गेला होता. तोंडाने धबधबा. नव्या सत्राच्या रेकॉर्डिंगला एक तर माझे पाठ कापून जातील, नाही तर तो मास्तर शिकवेल. निर्णय महिनाअखेर. त्याने हे खाली मान घालून सांगितलं, म्हणून मी त्याला ओरडले नाही. पण घरी येताना मला रडू आलं, हे सांगून टाकते. नोकरीतून निवृत्त करतात ते ठीक आहे, तिथे वयाचा नियम असतो. इथे मला माझ्या शिकवण्यातूनच काढत होते.

पुढच्या आठवड्यात मी सुधारायचा प्रयत्न केला. थांबायच्या जागी बोलत राहायचं ठरवलं. "करा बरं… हं… करताय ना… छान… वजा चिन्ह विसरू नका… झालं का?" एडिटर हेडफोन काढून टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. "मावशी, मुंजीत आई बटूला घास भरवते ना, तसं वाटतंय." त्या मुलीच्या गणिताने धोका थोडा कमी दाखवला. मला मात्र स्वतःचा वीट आला. जो मुलगा विचार करतोय त्याच्या कानाशी आपण बडबडतोय, हे मला कळत होतं.

त्याच सुमारास धुळ्याला अक्काकडे बारसं निघालं. अक्का माझी मोठी बहीण, तिच्या धाकट्या नातवाचं बारसं. तिची मोठी नात तेव्हा दहावीत होती आणि माझेच पाठ बघायची. मालकाने दाखवलेला तो कापलेला पाठ सोडला, तर मी स्वतः माझा एकही पाठ कधी पाहिला नव्हता. मला माझा आवाज ऐकवत नाही, पहिल्या दिवशी थोडासा ऐकला आणि कानावर हात ठेवले होते.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात निजानीज होती. नात स्वयंपाकघरात ओट्यावर, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून, माझा पाठ लावून बसली होती. मी दारात थांबून बघत राहिले. पडद्यावरची मी म्हणाले, "आता तुम्ही करा," आणि थांबले. नातीने पेन उचललं.

आणि अचानक सनई, ढोल आणि कसली तरी तुतारी असा एकच गजर झाला. मी दचकले. वाटलं, गल्लीतून वरात चाललीय. ती वरात मोबाइलमधून येत होती. माझ्या शांततेतून!

आतल्या खाटेवरून अक्का अहिराणीत ओरडली, "ओ माय, कोनं लगीन शे वं आज? ती बाई बोलस तवपर्यंत ठीक शे, ती चूप व्हयनी का बँड वाजस! बंद कर ते! बठ्ठा घरले उठाडी दिधं!"

सगळं घर उठवलं म्हटल्यावर नातीने घाईघाईने आवाज कमी करायला बोट नेलं, जमलं नाही, आणि शेवटी पाठच बंद करून टाकला. माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगी पाठ अर्धवट सोडून गेली होती. आलेखात आता तिथे एक लाल रेघ पडली असणार.

"नेहमी असंच वाजतं का गं?" मी विचारलं.

ती मला पाहून ओशाळली. "हो ना आजी. तू बोलतेस तेव्हा एकदम हळू असतं. तू थांबलीस की मोठं होतं. मग आम्ही परत उघडतच नाही कधी कधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुलाच आवडतं."

मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने जळगावला आले. वाटेत पारोळ्याला बस थांबते, तिथला चहाही प्यायले नाही, यावरून माझ्या रागाची कल्पना यावी. स्टुडिओत शिरले आणि एडिटरला म्हटलं, "माझ्या प्रश्नानंतर वरात कोणी घातली?"

तो बिचारा अभिमानाने उठला. "मी मावशी. आवडलं?"

मग त्याने दाखवलं. लग्नाच्या व्हिडिओत रिकामी जागा म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलं. म्हणून त्याची कायमची सवय, पाठीमागे संगीत लावायचं आणि त्याला आपोआप चढ-उतार करायला सांगायचं. भटजी बोलायला लागले की सनई खाली बसते, भटजी थांबले की सनई वर येते. याला ते लोक डकिंग म्हणतात. तेच त्याने मला लावलं होतं. मी बोलले की संगीत खाली, मी थांबले की संगीत वर. जेवढी मी नेमाने गप्प, तेवढा त्याचा बँड नेमाने जोरात. त्यात त्याचा वाईट हेतू काडीचाही नव्हता. मला एकटी पडल्यासारखं वाटू नये असं त्याला वाटे.

ती मुलगी एव्हाना उठून उभी राहिली होती. "पण मी संगीत मोजलंय," ती म्हणाली. "सगळीकडे सारखं आहे."

"कुठलं मोजलंस?"

"यांनी दिलेलं." तिने एडिटरकडे पाहिलं.

हळूहळू उलगडा झाला. माझं बोलणं नीट मोजता यावं म्हणून तिने एडिटरकडे माझा आवाज वेगळा आणि संगीत वेगळं मागितलं होतं. ते योग्यच होतं, कारण मिसळलेल्या आवाजात मी कधी थांबले ते यंत्राला कळत नाही, सनईलाच ते बोलणं समजतं. एडिटरने सरळ मनाने माझ्या माइकचा आवाज दिला आणि संगीताची मूळ फाइल दिली. मूळ फाइलवर चढ-उतार झालेलाच नव्हता. तो शेवटी, दोन्ही मिसळताना होतो. मूळ फाइलमध्ये बँड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत वाजत होता. मुलांच्या कानावर जे पडत होतं, ते कोणी मोजलंच नव्हतं.

मुलगी आपल्या आलेखाकडे वळली. "म्हणजे जिथे जिथे गप्प जागा, तिथे तिथे मोठं संगीत. दरवेळी. आणि माझ्या हिशेबात संगीत सारखंच. म्हणून सगळं खापर गप्प जागेवर फुटलं."

"पण तुझा अंदाज तर खरा ठरत होता," मालक म्हणाला.

"ठरणारच," मी म्हटलं. मला आता चांगलाच हुरूप आला होता. "ती दोघं कायम बरोबर चालतात, मग एकाला पाहून दुसऱ्याचं घर सापडणारच. उत्तर बरोबर आलं, रीत चुकली. मी यावर अर्धे गुण देते." मुलगी हसली. तिने ते अर्धे गुण कपाळाला आठी न घालता घेतले, यासाठी मला ती जन्मभर आवडेल.

तिने सगळं पुन्हा मोजलं. माझा वेग आणि माझं थांबणं माइकच्या आवाजावरून, पण संगीत मात्र चढ-उतार झाल्यानंतरचं, मुलांपर्यंत पोचतं तसं. आता आकड्यांत वरात दिसायला लागली. पण ती हुशार, लगेच म्हणाली, "मॅडम, यावरून अजून काही सिद्ध होत नाही. सगळ्या गप्प जागांत संगीत मोठंच आहे. मग मुलं कशाने जातात, थांबण्याने की संगीताने, हे या पाठांतून सांगताच येणार नाही. दोन्ही वेगळे करून बघावे लागतील."

हे ऐकून मला उठून टाळ्या वाजवाव्यात असं झालं.

मग त्यांनी एक युक्ती केली. तेच पाठ, तेच माझं थांबणं, पण दोन प्रती. एकीत वरात, दुसरीत संगीत अजिबात नाही, माझ्यामागे नुसता पंख्याचा बारीक आवाज. अ‍ॅप उघडणाऱ्या मुलाला यातली कुठली प्रत मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं, म्हणजे हुशार मुलं एकीकडे आणि कंटाळलेली दुसरीकडे असं व्हायला नको. मालक कुरकुरला. महिनाअखेर जवळ आली होती आणि तो भांडवलवाला रोज फोन करत होता. पण त्याने चाचणी होऊ दिली. प्रमेयांत खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाने माझ्यासाठी एवढं केलं, हे मी विसरलेले नाही.

ते दिवस मी कसे काढले ते सून सांगेल. पोळ्या लाटताना मी तिला विचारायचे, "मुलं खरंच माझ्या थांबण्याने जात असतील तर?" ती म्हणायची, "मग तुम्ही बोला आई, तुम्हाला कुठे जड आहे?" गंमत करायची, पण माझा जीव खालीवर व्हायचा. कारण एडिटरवर रागावणं सोपं होतं. बँड काढून टाकल्यावरही मुलं निघून गेली तर मग कोणावर रागावणार? मग मला मान्यच करावं लागलं असतं की माझी शांतता ही माझीच समजूत होती. वर्गात मुलं विचार करत बसतात असं मी धरून चालले, पण खरं म्हणजे ती तास संपायची वाट पाहत असतील.

बोलावणं आलं तेव्हा मी इस्त्रीची साडी नेसून गेले, जशी निकालाच्या दिवशी नेसायचे. स्टुडिओत एडिटर नवरीच्या बापासारखा अस्वस्थ फेऱ्या मारत होता. मुलीने आधी वाईट बातमी सांगितली, मला तेही आवडलं.

"मॅडम, एके ठिकाणी मुलं दोन्ही प्रतींत जातात. तुम्ही 'हे तर सोपंच आहे' म्हणता आणि मग बोलण्याचा वेग एकदम वाढतो. अक्षरांचा पाऊस पडतो. तिथे धोका आहे, आणि त्यात संगीताचा काही हात नाही."

मी चमकले. इतकी वर्षं शिकवून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रात्री माझ्या मुलाला विचारलं, मी घरीही असं बोलते का, तर तो म्हणाला, "आई, ते वाक्य ऐकलं की आम्हाला अजून घाम फुटतो." आता मी त्या जागी मुद्दाम हळू बोलते. अवघड जातं.

"आणखी एक," मुलगी म्हणाली. "तुम्ही काही न सांगता एकदम थांबलात तर काही मुलांना नेट अडकलं असं वाटतं, तीही जातात. 'मी थांबते, तुम्ही करा' असं म्हणून थांबलात तर नाही जात."

"आणि बाकीच्या जागा?" मी विचारलं.

तिने दोन रेघा दाखवल्या. दोन्ही प्रतींत किती मुलं टिकली त्याच्या. वरातीच्या प्रतीतली रेघ माझ्या प्रत्येक थांबण्यावर पायरीसारखी खाली घसरत होती. दुसरी रेघ माझ्या बोलण्याबरोबर थोडी थोडी उतरत होती, ती उतरतेच, सगळ्यांचीच उतरते. मग मी प्रश्न विचारला तिथे ती आडवी झाली, आणि मी गप्प होते तोवर आडवीच राहिली.

"इथे काय झालं?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"इथे कोणी गेलं नाही मॅडम. म्हणजे जवळजवळ कोणीच नाही. तुमच्या बोलण्यात मुलं जास्त जातात. थांबण्यात कमी."

एडिटर पुढे येऊन हळूच म्हणाला, "मावशी, चुकलं माझं." मी त्याला म्हटलं, "माझ्या नातीच्या लग्नात वाजव, तेव्हा कितीही मोठ्याने." मालकाने तिथल्या तिथे भांडवलवाल्याला फोन लावला आणि फोनवर बोलत बोलत बाहेर गेला. दारातून वळून त्याने मला नुसता अंगठा दाखवला. तो तरुण मास्तर आता विज्ञान शिकवतो, आणि चांगलं शिकवतो. मुलीने त्यालाही मोजलंय.

मी मात्र तशीच स्क्रीनसमोर बसून राहिले. मला त्या आडव्या रेघेवरून नजर काढवेना. उभ्या नोकरीत माझ्यासमोर मुलं गप्प बसली, पण ती का बसली हे मला कधी खात्रीने कळलं नव्हतं. वर्गाचं दार बंद असायचं, हातात माझ्या हजेरी होती, उठून जाणार कुठे? इथे तसं काही नव्हतं. कोणी ओट्यावर बसलेलं, कोणी गोठ्यात, कोणी बसस्टँडवर, आणि एका बोटाच्या अंतरावर निघून जायची वाट उघडी. मी काही बोलत नव्हते, काही वाजत नव्हतं, आणि तरीही ती माझ्यापाशी थांबली होती.